राहिलेली कामं: शून्य

यंत्र: ड्रायर क्र. ४
काम: एक्झॉस्ट डक्टची सफाई, दर तीन महिन्यांनी
देय तारीख: २९ एप्रिल
स्थिती: पूर्ण, २९ एप्रिल
कोणी केलं: फिटर

या पाच ओळींतला एक शब्द खोटा होता. तो कोणी टाकला हे त्या सबंध लाँड्रीत एकाच व्यक्तीला ठाऊक होतं, आणि ती व्यक्ती शुक्रवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये फिटरकाकांच्या शेजारी बसून पेनाच्या टोपणाची उघडझाप करत होती.

"आवाज थांबवा जरा, मॅडम," साहेब म्हणाले.

तिने टोपण घट्ट लावलं.

आदल्या दिवशी, म्हणजे आठ जुलैला दुपारी, चार नंबरच्या ड्रायरच्या डक्टमध्ये आग लागली होती. ड्रायरवरच्या मावशींना जळका वास आला. त्यांनी सवयीने खालचा लिंटचा खण ओढला, आणि आत कोंडलेल्या आगीला वारा मिळाला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. आग दोन अग्निशामक सिलिंडरमध्ये विझली. मावशी हॉस्पिटलात होत्या, त्याच हॉस्पिटलात, ज्याच्या चादरी त्या गेली नऊ वर्षं वाळवत होत्या.

लिंट म्हणजे काय ते लाँड्रीत नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. टॉवेल सुकताना त्यातून मऊ कापूस सुटतो. बराचसा जाळीत अडकतो, तो मावशी रोज काढतात. उरलेला गरम हवेबरोबर डक्टमधून बाहेर जातो, पण सगळा जात नाही. वळणावर बसतो, थर धरतो. दिसायला कापूस, स्वभावाने बारूद. म्हणून तीन महिन्यांनी डक्ट उघडायचा, ब्रश फिरवायचा, ओढून काढायचा.

"डक्ट उघडून पाहिला आज," साहेब म्हणाले. "वळणावर मूठ जाईना. एप्रिलच्या शेवटी साफ केलेल्या डक्टमध्ये दहा आठवड्यांत एवढा साठतो?"

मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने काका खिडकीकडे बघत होते.

"रेकॉर्डला तुमचं नाव आहे."

"असेल ना," काका म्हणाले. "हिच्या यादीत आहे म्हणजे असेलच."

"मग केला होतात का?"

काकांनी बराच वेळ घेतला. एवढा वेळ, की ती त्या वेळात तीनदा बोलू शकली असती.

"आठवत नाही, साहेब."

———

तिला सगळे तारीखबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा. सहा वॉशर, पाच ड्रायर, एक बॉयलर, चादरींचा लांबलचक इस्त्री-रोलर, दोन कॉम्प्रेसर: कोणाला कधी ग्रीस, कोणाचा पट्टा कधी बदलायचा, कोणाचं इमर्जन्सी बटण कधी दाबून बघायचं, सगळ्यांच्या कुंडल्या तिच्याकडे. ती यायच्या आधी हा कारभार तोंडी होता. कोणाला आठवलं तर तेल, नाही आठवलं तर शिव्या. तिने चार वर्षांत सगळं कॉम्प्युटरवर आणलं. रोज सकाळी आठला त्या दिवसाची यादी छापायची, प्रत्येक कामाला एक जॉब कार्ड जोडायचं. काम झालं की फिटरने कार्डावर सही करायची, तिने कार्ड बघून 'पूर्ण' करायचं आणि कार्ड फायलीला लावायचं. 'पूर्ण' केलं की पुढची देय तारीख आपोआप पडायची.

आणि जे तारखेत झालं नाही, त्यांचा आकडा कॅन्टीनच्या दाराशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर जायचा. राहिलेली कामं: इतकी. रोज तीच लिहायची, निळ्या मार्करने.

सुरुवातीला काका या प्रकरणाची चेष्टा करायचे. "तारीखबाई, माझी पण ड्यू डेट बघून ठेव गं. बायकोला सांगता येईल." पण एकदा यादीमुळे बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर तपासला गेला आणि अडकलेला सापडला. त्या दिवसापासून काकांनी डोक्यात काही ठेवायचं सोडलं. "यादीत आहे ते आहे, यादीत नाही ते नाही," असं ते नवीन माणसांना ठणकावून सांगायचे. हे वाक्य मूळचं तिचंच होतं.

———

देय: २९ एप्रिल, गुरुवार. खरं काय झालं ते.

काका चार वाजता तिच्या टेबलाशी आले. हातात ब्रश, गळ्यात मास्क लोंबतोय.

"चार नंबर सोडत नाहीत. टॉवेलांचा डोंगर पडलाय. उत्पादनवाल्यांच्या हातापाया पडलो, म्हणे सोमवारी देऊ."

"उद्या हॉस्पिटलचे तपासनीस येतायत, काका. उद्या हे एक दिवस उशिरा दिसणार."

"मग दिसू दे की. एकाने काय आभाळ कोसळतंय?"

"तीन महिने शून्य आहे फळ्यावर."

"शून्याचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणून काका हसले आणि गेले. "सोमवारी पहिलं काम तेच."

'पुढे ढकललं' असा एक पर्याय होता. पण त्याला कारण लिहावं लागायचं, साहेबांची सही लागायची आणि आकडा फळ्यावर यायचाच. तिने तो पर्याय दोन-चार वेळा उघडला आणि मिटला. मग 'पूर्ण' दाबलं. कार्डाशिवाय. तीनच तर दिवस. सोमवारी कार्ड आलं की मागे लावून टाकू. असं तिने याआधी केलंच नव्हतं असं नाही. नऊ-दहा वेळा केलं होतं, आणि दर वेळी मागाहून काम झालं होतं, कार्ड आलं होतं, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. सवय अशीच लागते, काही न बिघडल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांनी फळ्याचा फोटो काढला. साहेबांनी तिला चहा पाजला.

शनिवारी काकांना डोळ्याच्या दवाखान्यातून फोन आला: एक जागा रिकामी झालीय, आजच या. काका दहा दिवस रजेवर गेले. सोमवारी आठ वाजता तिने यादी छापली. चार नंबर यादीत नव्हता, कारण तो पूर्ण झाला होता. पुढची तारीख: २९ जुलै.

यादीत नाही ते नाही.

———

हे ती विसरली असं म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण विसरली नव्हती.

मेमध्ये एकदा, बसमध्ये, खिडकीची काच थरथरत असताना तिला आठवलं. घरी जाऊन डायरीत लिहू, असं तिने ठरवलं. घरी मुलीची परीक्षा होती, नवऱ्याला ताप होता, कुकरची शिट्टी गेली होती. डायरी पर्समध्येच राहिली.

आणि जूनमध्ये.

१७ जूनला मावशी तिच्या टेबलाशी आल्या. "ताई, चार नंबर मेला म्हातारा झालाय. पस्तीस मिनिटांत सुकवायचा, आता पन्नास घेतो. टॉवेल काढावेत तर दमट. लोक मला आळशी म्हणतात."

सुकायला वेळ लागतो म्हणजे हवा नीट जात नाही, हे मावशींनाही कळत होतं. तिने काकांना बोलावलं. काकांनी बर्नर पाहिला, पट्टा पाहिला, ब्लोअरची मोटर पाहिली. सगळं ठीक. मग ते कपाळ पुसत तिच्याकडे आले.

"डक्ट भरलाय की काय? पण डक्ट तर एप्रिलमध्ये झालाय ना?"

स्क्रीन तिच्या समोर होती. त्यावर हिरवी खूण होती. हिरवी खूण तिनेच लावलेली.

"झालेला दिसतोय," ती म्हणाली.

"मीच केला?"

"तुमचंच नाव आहे."

काका थोडा वेळ तिथेच उभे राहिले. हाताने हवेत ब्रश फिरवल्यासारखं केलं, जणू हाताला आठवतंय का ते बघत होते. "हं. मग सेन्सर असेल," असं म्हणून गेले. सेन्सर मागवला गेला. तो यायला महिना लागणार होता.

त्या दिवशी तिला एवढंच म्हणायचं होतं: काका, एकदा उघडून बघा. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण उघडला की भरलेला दिसणार, आणि भरलेला दिसला की 'पूर्ण' कसं, हा प्रश्न येणार. चार शब्द जिभेवर होते. तिने ते परत गिळले आणि वर ती कॅन्टीनचा चहा प्यायली.

———

यंत्र: मावशींचा उजवा हात
काम: मलमपट्टी, रोज
देय: रोज
स्थिती:

शुक्रवारी संध्याकाळी ती बघायला गेली, तेव्हा मावशी डाव्या हाताने वाटीतलं दूध पीत होत्या. पट्टी कोपरापर्यंत होती.

"ताई, चादर बघा," मावशी म्हणाल्या. "आपलीच धुतलेली. कोपऱ्यात नंबर आहे. मी झोपले तर वाटलं, कामावरच झोपलेय."

तिने चादरीचा तो कोपरा गादीखाली खोचला.

"फिटरला काय बोलू नका हं कोणी," मावशी म्हणाल्या. "वय झालंय त्यांचं. राहून जातं माणसाचं."

ती उठली आणि हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन उभी राहिली. भिंतीवर अग्निशामक सिलिंडर होता. त्याला तपासणीचा कागद लटकत होता, तारीख आणि सही. तिने सवयीने वाचली. तारखेत होता. पण ती सही कोणत्या दिवशी झाली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्या कागदाकडे बघवेना.

———

काकूंचा फोन रात्रीच्या जेवणाच्या आधी आला. काकू म्हणजे फिटरकाकांची बायको. बोलायला लागल्या की समोरच्याने नुसतं "हो" म्हणत राहायचं.

"अगं, जेवलीस का? नाही? मग थोडक्यात सांगते. हे आल्यापासून गप्प आहेत. मघाशी सगळी कपाटं उघडून बसले. म्हटलं काय शोधताय, तर म्हणे ब्रश. अहो, ब्रश कंपनीत असतो. तर म्हणाले, तो मी हातात घेतला होता का तेवढं आठवायचंय."

"काकू..."

"यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग नावं, शेवटी मी कोण तेच कळेना त्यांना. सासूबाईंचं सहा वर्षं केलं मी. यांचंही करीन, त्याला काही नाही. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतेय. पण तुला एक मागायचंय गं."

"मागा ना."

"तुझ्यासारखी यादी करून दे मला. कंपनीत करतेस तशी. गोळी कोणती, कधी द्यायची, दिली का, राहिल्या किती. फ्रिजवर लावते. हे म्हणाले, तिला सांग, तिची यादी चुकत नाही. चुकलं तर माझं डोकं चुकलं."

ती स्वयंपाकघरात उभी होती. ओट्यावर कांदा अर्धा चिरलेला होता, म्हणून मुलीने डोळ्यांबद्दल विचारलं नाही. नवऱ्याने मात्र विचारलं. तिने सगळं सांगितलं, पहिल्यांदाच, तोंडाने.

तो बराच वेळ भांडी पुसत राहिला. कोरडी झालेलीसुद्धा.

"साहेबांना कळायची शक्यता किती?"

"काहीच नाही. काकांनी मान्यच केलंय जवळजवळ."

"मग झालं की," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "नाही. झालं नाही."

———

शनिवार, १० जुलै. साडेसात. यादी छापायला अर्धा तास.

काका तिच्या आधी येऊन बसले होते. रात्रभर झोपले नव्हते हे दाढीवरून दिसत होतं. त्यांनी दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "एक कोरं जॉब कार्ड दे."

"कशाला?"

"साहेब आज फाइल मागणारेत. एप्रिलचं कार्ड सापडत नाही म्हणालीस ना काल? मीच हरवलं असणार. मग तुझ्या फायलीत भोक दिसणार, उगाच तुझ्यावर येईल. दे, सही करतो. एकोणतीस एप्रिल घाल."

"पण तुम्हाला केल्याचं आठवत नाही."

"न केल्याचंही कुठे आठवतं? सोमवारी करू म्हणालो होतो असं एक वाटतं. पण तू 'पूर्ण' केलंयस, म्हणजे कार्ड बघूनच केलं असणार. तू काय कार्डाशिवाय करणार आहेस? अर्धवट काम करून सही ठोकली असणार मी. माझं जे व्हायचं ते होऊ दे. आठ महिने राहिलेत निवृत्तीला. तुला अजून वीस वर्षं काढायचीयत."

त्यांनी खिशातून पेन काढलं. कोरी कार्डं खणात वरच होती. खण उघडायचा, एक कार्ड सरकवायचं, बस. काका खरोखरच सही करणार होते, आणि ती सही तिच्या खोट्याची शेवटची फट बुजवणार होती. काकांचं डोकं मात्र त्या फटीत कायमचं अडकणार होतं.

तिने खण उघडला नाही. स्क्रीन काकांच्या बाजूला वळवली.

"काका, इथे बघा."

तिने चार नंबरची नोंद उघडली. बंद केलेलं काम पुन्हा उघडता येत होतं, पण कोणी, कधी आणि का, हे कॉम्प्युटर कायमचं लिहून ठेवायचा. कारणाच्या चौकटीत तिने लिहिलं:

काम झालेलं नव्हतं. जॉब कार्ड नव्हतं. 'पूर्ण' मी केलं. फिटरला माहीत नव्हतं.

एंटर दाबलं. हिरवी खूण गेली. देय तारीख परत २९ एप्रिल झाली. शेजारी लाल आकडा आला: ७२ दिवस उशीर.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं. ओठ हलत होते.

"म्हणजे मी केला नव्हता."

"नाही."

"आणि विसरलोही नव्हतो."

"नाही, काका. तुम्ही सोमवारी म्हणालात. मी सोमवार ठेवलाच नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. छातीतून एक मोठा श्वास सुटला, आणि एक क्षण तिला वाटलं की ते हसताहेत. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती खाली बघू लागली.

"जूनमध्ये मी विचारलं होतं तुला. इथेच उभा राहून."

"हो."

"मीच केला का, असं विचारलं होतं."

"हो."

"रात्रभर मी माझ्या आईचा चेहरा आठवतोय, बाई," ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. "आणि ती मावशी. ती बोंबलत होती, सुकत नाही, सुकत नाही म्हणून. तिचं ऐकायचं सोडून आपण दोघं या डब्याचं ऐकत बसलो."

बोलण्यासारखं जे होतं ते जूनमध्ये बोलायचं होतं.

"अजून आहेत का असली?"

हा प्रश्न फिटरचा होता. सरळ, पाना फिरवावा तसा. तिने या महिन्याची पानं उघडली. दोन वॉशरच्या दाराचे लॉक, देय ३ जुलै, पूर्ण, कार्ड नाही. दोन नंबरच्या ड्रायरचा डक्ट, देय ६ जुलै, पूर्ण, कार्ड नाही.

"दोन नंबरचा डक्ट," काका म्हणाले. "आत्ता चालू आहे तो."

ते उठले ते धावतच बाहेर गेले. मिनिटाभराने दोन नंबरचा घरघराट बंद झाल्याचं तिला बसल्या जागी ऐकू आलं. उत्पादनवाले काहीतरी ओरडले. काका त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

———

साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "हे शून्य मी मागत होतो म्हणून का?" तिला हो म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं.

"बटण मी दाबलं," ती म्हणाली.

त्यांनी अहवालातलं काकांचं नाव खोडलं आणि तिचं लिहिलं. सोमवारपासून यादी दुसरं कोणी बघेल. पुढचं वरून ठरेल. आज मात्र घरी जायच्या आधी चार वर्षांचं प्रत्येक 'पूर्ण' कार्डाशी ताडून बघायचं.

"फळ्याचं काय करू?" तिने दारातून विचारलं.

"आजपर्यंत काय करत होतात?" साहेब म्हणाले.

कॅन्टीनच्या दाराशी चहाला आलेल्या लोकांची रांग होती. तिने बाहीने शून्य पुसलं. ते बरेच दिवसांचं होतं, पूर्ण निघेना. फिकट गोल तसाच राहिला, आणि त्याच्यावरच तिने लिहिलं.

राहिलेली कामं: ४

दोन लॉक, दोन डक्ट. रांगेतली डोकी फळ्याकडे वळली. कोणीतरी म्हणालं, "तारीखबाईंकडे चार?" आणि कोणीतरी त्याला कोपराने ढोसलं.

काका दोन नंबरकडून आले. केसांत, भुवयांवर, कानांवर करडा कापूस. हातातली पिशवी गच्च भरलेली. त्यांनी ती फळ्याखाली ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि तिच्यापुढे हात केला.

"कार्ड."

तिने दोन नंबरचं कार्ड दिलं. त्यांनी ते भिंतीला टेकवून भरलं. तारीख आजची, १० जुलै. देय तारखेच्या रकान्यात ६ जुलै तसाच ठेवला. उशीर: ४ दिवस. मग सही, हळूहळू, एकेक अक्षर. कार्ड तिच्या हातात न देता त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि पाण्याच्या नळाकडे गेले.

नळाशी, पाठमोरेच, म्हणाले, "तुझ्या काकूला तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, आता हेही तुम्हाला असंच वाटतंय."

———

फळ्यावर तीन झाले. संध्याकाळपर्यंत लॉक तपासून झाले, मग एक. चार नंबरचा ड्रायर जळकाच उभा होता, त्याला अजून कोणी हात लावायचा नव्हता. तो एक तसाच राहणार होता.

तिने सगळ्यात शेवटी फोन हातात घेतला.

यंत्र: नाही
काम: काकूंना फोन
देय: १७ जून
स्थिती: घंटा वाजतेय